उलट्या तबकडीतला सैतान

‘नवजीवन’ हा शब्द मागून वाचला तरी ‘नवजीवन’च. पण तो रेकॉर्ड करून उलटा वाजवला तर ऐकू येतं साधारण ‘नवीज्वन’. कागदावर अक्षरं उलटतात, ध्वनिमुद्रणात मात्र सुटे ध्वनी उलटतात आणि ‘जी’मधली ‘ई’ आधी येते. त्यातही ‘स’, ‘न’ किंवा लांब स्वर उलटेही ओळखू येतात. ‘प’, ‘ट’, ‘क’ यांच्या सुरुवातीचा फटका मात्र शेवटी जातो आणि सगळं बोलणं कुठल्यातरी अनोळखी भाषेसारखं वाटू लागतं.

१९८२ साली अमेरिकेत गाजलेला वाद असल्याच आवाजाचा होता. लेड झेपलिन या रॉक बँडचं १९७१चं ‘स्टेअरवे टू हेवन’ उलटं वाजवलं की त्यात सैतानाची स्तुती ऐकू येते, असं ख्रिस्ती टीव्हीवर सांगितलं गेलं. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळातल्या एका समितीपुढेही ते गाणं उलटं वाजलं. मुद्दाम उलटे भरलेले आवाज रॉकमध्ये होते, नाही असं नाही. बीटल्सच्या १९६६च्या ‘रेन’च्या शेवटी तसे गायनाचे तुकडे आहेत. पण ते सरळ वाजवताना निरर्थक वाटतात. इथे दावा असा होता की, सरळ अर्थाच्या ओळी उलटल्या की दुसरा अर्थ निघतो, आणि तो नकळत मनात शिरतो.

हे खरं असेल तर तपासता यायला हवं. कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठात जॉन वोकी आणि डॉन रीड या मानसशास्त्रज्ञांनी ते तपासलं आणि १९८५ साली निष्कर्ष छापले. उलटं बोलणं ऐकून बोलणारा पुरुष की बाई, हे लोकांनी जवळपास बिनचूक सांगितलं. पण वाक्य प्रश्न आहे की विधान, हे कळेना. मग मजकुरांचे पाच प्रकार दिले : बालगीत, ख्रिस्ती, सैतानी, अश्लील आणि जाहिरात. डोळे मिटून निवडलं तरी २० टक्के उत्तरं बरोबर यावीत; आली १९.४. म्हणजे अर्थ मनात शिरतच नव्हता, नकळतसुद्धा नाही.

मग त्यांनी खोडी काढली. बायबलमधलं तेविसावं स्तोत्र उलटं वाजवत त्यांनी त्यात योगायोगाने जुळणारे शब्द हुडकले. एक सापडलं : ‘तोंडात मुंगसासारखा प्राणी धरलेली मुलगी पाहिली.’ आता ऐकणाऱ्यांना आधी असं वाक्य सांगायचं आणि मग ध्वनिफीत लावायची. सुमारे ८५ टक्के वेळा लोकांना ते ऐकू आलं. मूळ स्तोत्र मेंढपाळाचं आहे, त्यात असला प्राणी औषधालाही नाही.

अस्पष्ट आवाजातून शब्द वेचताना मेंदू फक्त कानावर विसंबत नाही, अपेक्षेचीही मदत घेतो. फाटकातून येणाऱ्या फेरीवाल्याची तुटक आरोळी आपल्याला कळते ती याच मदतीमुळे. आता अफवेचा प्रवास पाहा. ‘इथे सैतानाचं नाव आहे, ऐक,’ असं म्हणूनच मित्र तबकडी हाताने उलटी फिरवायचा. वाक्य आधी, आवाज नंतर. ऐकणाऱ्याला ते खरोखर ऐकू यायचं आणि एकदा आलं की कान ते विसरायला तयार नसत. ऐकीव बातमीवर माणूस शंका घेतो, स्वतःच्या कानावर कोण घेतो? पुढच्याला सांगताना तोही वाक्य आधीच सांगायचा.