बँकेच्या वहीतलं तुमचं पान

दिवाळीनंतर चोपड्याला मामांकडे गेलो होतो, कापूस नुकताच विकला होता. सहा क्विंटल पंच्याहत्तर किलो, भाव 7,200, म्हणजे 48,600 रुपये, व्यापाऱ्याने सरळ खात्यात टाकलेले. आजवर मामा पासबुकात फक्त शेवटचा आकडा बघायचे. यावेळी बँकेने पूर्ण स्टेटमेंटच छापून हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून बोट फिरवलं आणि मला म्हणाले, "हाई काय शे रे भाऊ? पैसे माझे आले आणि इथे क्रेडिट लिहिलंय, क्रेडिट म्हणजे तर कर्ज ना, किसान क्रेडिट कार्डवालं?"

हसू नका, प्रश्न एकदम बरोबर आहे. ओळीत डेबिट, क्रेडिट, बॅलन्स असे तीन रकाने, आणि आपण पाठ करून ठेवतो की क्रेडिट म्हणजे आले, डेबिट म्हणजे गेले. सेव्हिंग खात्यापुरतं ते चालतं पण. का चालतं ते कळलं नाही तर कर्जखात्याचं पान हातात आलं की गोंधळ ठरलेला.

मी मामांना किराणा दुकानाची आठवण करून दिली. गल्लीतला दुकानदार उधारीची वही ठेवतो, त्यात मामांचं एक पान आहे. तेल-साखर नेली 640 ची की तो म्हणतो "तुमच्या नावे टाकतो" आणि लिहितो नावे 640. म्हणजे मामा त्याचं देणं लागतात. आता समजा मामांनी एकदम 2,000 रुपये देऊन ठेवले, तो लिहिणार जमा 2,000. बाकी काय राहिली? जमा 1,360. आता उलटं झालं, दुकानदारच मामांचं 1,360 चं देणं लागतो, तेवढा माल त्याला द्यायचाय.

डेबिट म्हणजे तेच नावे आणि क्रेडिट म्हणजे तेच जमा. मराठी पासबुकांवर हे शब्द छापलेले असतात, आपण वाचत नाही एवढंच. आणि मुद्दा हा की पान मामांच्या नावाचं असलं तरी वही दुकानदाराची आहे, लिहिणारा तो आहे, हिशोब त्याच्या बाजूने लिहिलाय. बँकेचं स्टेटमेंटही तसंच, बँकेच्या वहीतलं तुमच्या नावाचं पान. मामांचे 48,600 बँकेकडे गेले म्हणजे बँक मामांचं तेवढं देणं लागली, म्हणून तिच्या वहीत मामांच्या पानावर जमा, म्हणजे क्रेडिट. ही हिशोबाची पद्धत जुनी आहे, लुका पाचोली नावाच्या इटालियन गणित्याने 1494 साली व्हेनिसमध्ये पुस्तकात छापली, व्यापारी तर त्याच्याही आधीपासून वापरत होते. लॅटिनमध्ये डेबिटच्या मुळाचा अर्थ देणं लागणे आणि क्रेडिटच्या मुळाचा अर्थ विश्वास ठेवणे. मामांनी विश्वासाने पैसे ठेवले, बँकेने क्रेडिट लिहिलं. कार्डवाल्या क्रेडिटमध्ये विश्वास बँक ठेवते, मामांवर. शब्द एक, विश्वास ठेवणारा वेगळा.

मामांची मुलगी जळगावला बी.कॉम.ला आहे, ती मधेच म्हणाली आम्हाला तर शिकवतात पैसे आले की डेबिट. तिचंही खरं आहे. मामांनी स्वतःची वही ठेवली तर त्यात बँक ही देणेकरी, म्हणून त्यांच्या वहीत बँक खाते नावे 48,600. बँकेच्या वहीत मामा जमा 48,600. एकच व्यवहार, दोन वह्या, म्हणून बाजू उलट.

आता मामांचं पान ओळीने वाचू. सुरुवातीला बाकी 4,350. कापसाचे आले, समोर लिहिलंय `BY TRANSFER` आणि पुढे एनईएफटीचा लांबलचक नंबर, बाकी 52,950. मग एटीएममधून 5,000 काढले, डेबिट, बाकी 47,950. काही बँकांच्या स्टेटमेंटमध्ये डेबिटच्या ओळीला `TO` आणि क्रेडिटच्या ओळीला `BY` लागतं, ही जुन्या खातेवहीचीच सवय. `TO TRANSFER` वाचून कुठे पाठवले असं इंग्रजी डोकं लावत बसू नका, ती नावे बाजूची खूण आहे.

पुढची ओळ भानगडीची. कृषी केंद्रात फवारणीच्या औषधाचे 2,000 यूपीआयने दिले, दुकानदाराच्या फोनवर काही आलंच नाही पण मामांचे कटले. डेबिट 2,000, बाकी 45,950. मामांनी तिथे रोख दिले आणि घरी येऊन दोन दिवस धुसफूस. तिसऱ्या दिवशी क्रेडिट 2,000, बाकी परत 47,950. मामा म्हणे मग ती आधीची ओळ खोडून का नाही टाकली? खोडत नाहीत मामा, वहीत चूक झाली तर उलटी नोंद करून दुरुस्त करतात, दोन्ही ओळी कायम राहतात. असं दुकानदाराला दिलेलं पेमेंट अडकलं तर रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमाने व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला पाहिजेत, उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. म्हणून फेल झालेल्या पेमेंटची परतीची ओळ स्टेटमेंटमध्ये शोधायचीच, मेसेजच्या भरवशावर बसू नका.

शेवटी 17.70 डेबिट. हे विचित्र पैसे कुठून आले? एसएमएसचे 15 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 2.70. बाकी 47,932.30.

पान बरोबर आहे का हे बघायला सुरुवातीच्या बाकीत सगळं क्रेडिट मिळवा आणि सगळं डेबिट वजा करा. 4,350 अधिक 50,600 वजा 7,017.70, बरोबर 47,932.30. पण इथे एक फसगत आहे, क्रेडिटची बेरीज 50,600 दिसते म्हणून तेवढी कमाई झाली असं नाही, त्यातले 2,000 स्वतःचेच परत आलेले. कमाई 48,600 च.

आणि मग मामांनी दुसरा कागद काढला, पीक कर्जाचा. बाकी `90,000.00 Dr`. घाबरायचं नाही, नियम तोच, `Dr` म्हणजे नावे बाकी, म्हणजे इथे मामा बँकेचं देणं लागतात, आणि सेव्हिंगच्या बाकीपुढे `Cr` होतं तिथे बँक मामांचं देणं लागत होती. कर्जावर व्याज लागलं की ते या पानावर डेबिटमध्ये पडतं आणि आकडा वाढतो, जे सेव्हिंगमध्ये कधीच होत नाही, तिथे डेबिटने आकडा कमीच होतो. इथेच पाठ केलेलं "डेबिट म्हणजे कमी" फसतं.

मामांनी दुसऱ्या दिवशी शाखेत जाऊन सेव्हिंगमधून 40,000 कर्जात वळते केले. संध्याकाळी दोन्ही पासबुकं छापून आणली. सेव्हिंगवर डेबिट 40,000, बाकी `7,932.30 Cr`. कर्जावर त्याच तारखेला क्रेडिट 40,000, बाकी `50,000.00 Dr`. दोन्ही पासबुकं खाटेवर शेजारी ठेवून मामांनी एक बोट इकडे एक तिकडे ठेवलं, थोडा वेळ बघितलं आणि पेनाने `Dr` च्या शेजारी "मी देणं" आणि `Cr` च्या शेजारी "बँक देणं" असं लिहून टाकलं.