कळीगळ (जास्वंद व गुलाब)

जास्वंदीची किंवा गुलाबाची कळी उमलण्याआधीच झडते किंवा देठावरच सुकते, तेव्हा त्याला कळीगळ म्हणतात. कुंडीतल्या झाडावर याचे कारण बहुधा फुलकिडे, पिठ्या ढेकूण किंवा पाणी देण्यातली चूक असते. फोटोवरून ते ठरवायचे तर नुसती कळी पुरत नाही. देठ, पानांचे बेचके आणि कुंडीतली माती हेही दिसायला हवे.

जास्वंदीच्या देठावर एक बारीक सांधा असतो. ताण आला की झाड कळी तिथूनच सोडून देते. मागे स्वच्छ कापल्यासारखा तुकडा उरला असेल तर कळी झाडानेच टाकली आहे, एवढेच कळते. कारण त्यावरून कळत नाही, कारण कीड लागलेली कळीही तिथूनच सुटते. गुलाबात फुलकिड्यांची कळी सहसा गळत नाही. ती अर्धवट उघडून तशीच राहते, पाकळ्यांच्या कडा तपकिरी आणि खरवडल्यासारख्या दिसतात. कीड जेमतेम 1 ते 2 मिलिमीटरची, म्हणून फोटोत क्वचितच दिसते; कळी पांढऱ्या कागदावर झटकली तर पळणारे बारीक काड्यांसारखे जीव दिसतात. फवारा मिटलेल्या कळीच्या आत पोचत नाही, म्हणून अशा कळ्या आधी खुडून नष्ट कराव्यात.

पिठ्या ढेकूण ओळखायला सोपा. देठाच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके, खालच्या पानांवर चिकट चकाकी आणि खोडावर मुंग्यांची रांग. पाण्यातल्या क्षारांचे पांढरे डाग मात्र पानावर सपाट पसरतात आणि त्यांच्याजवळ मुंग्या नसतात.

सर्वाधिक फसवणूक पाण्याच्या बाबतीत होते. एक उदाहरण घेऊ. जास्वंदीच्या लहानमोठ्या कळ्या दोन-तीन दिवसांत एकदम पिवळ्या होऊन गळाल्या. फोटोत सांधे स्वच्छ, बेचके रिकामी आणि माती ओली. पाणी जास्त झाले, असाच निष्कर्ष कोणीही काढील. पण फोटो मोठा करून पाहिला तर माती आकसून कुंडीच्या कडेपासून सुटलेली दिसते. पाणी त्या फटीतून खाली वाहून जाते, वरचा थर भिजतो आणि मुळांजवळची माती कोरडीच राहते. बोट दोन पेरे खुपसले की खरे कळते. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवावी, बुडबुडे थांबले की काढून निथळू द्यावी. पिवळ्या पडू लागलेल्या कळ्या त्यानंतरही काही दिवस गळतात. म्हणून लगेच आणखी पाणी घालू नये, वाफसा येईपर्यंत थांबावे.

या उदाहरणातही गळालेली एक कळी उभी चिरून पाहिल्याशिवाय निदान पक्के होत नाही. कळीत अळ्या करणारी एक चिलटासारखी माशी आहे. तिने लागण झालेली कळीही बाहेरून तशीच पिवळी दिसते. आत बारीक पांढरट अळ्या सापडल्या तर पाण्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. गळालेली प्रत्येक कळी मातीवरून उचलून पिशवीत बांधून टाकावी, कारण त्या अळ्या पुढे मातीतच कोशात जातात.