सहाचा नऊ करताना

अमळनेरजवळच्या एका गावातल्या व्हॉलीबॉल संघाच्या जर्स्या छापून आल्या, तेव्हा त्यात सहा नंबर दोघांना होता आणि नऊ कुणालाच नव्हता. शिवाय छातीवर ‘क्रीडा मंडळ’ऐवजी ‘क्रिडा मंडळ’ छापलेलं. नव्या जर्स्या यायला आठवडा लागणार होता, कप्तानाचा मोठा फोटो असलेला फ्लेक्स मात्र उद्याच लावायचा होता. फोटो घेऊन पोरं माझ्याकडे आली. त्यातला एक म्हणाला, “भाऊ, सहाना नऊ करी दे. उलटा फिराई दे ना!”

सूचना चुकीची वाटत नाही. इंग्रजी सहा उलटा फिरवला की नऊच होतो. मी त्यांना फोटोशॉपमध्ये तसं करून दाखवलं. आकडा कापला, अर्धा फेरा फिरवला आणि जागेवर ठेवला. सगळ्यांना लगेच कळलं की काहीतरी बिघडलंय, पण काय ते कुणाला सांगता येईना. बिघडला होता उजेड. फोटो संध्याकाळी साडेचारच्या सुमारास काढलेला, ऊन डावीकडून येत होतं. जर्सीवरच्या प्रत्येक चुणीची डावी बाजू उजळ आणि उजवी सावलीत होती. आकड्याबरोबर चुण्याही फिरल्या, त्यामुळे त्या चौकोनापुरतं ऊन उजवीकडून येऊ लागलं. शिवाय खांद्यावरून उतरणारी चुणी आकड्याच्या कडेपाशी येऊन तुटली. डोळ्याला आकडा वाचायला वेळ लागतो, पण उजेडाची दिशा तो क्षणात पकडतो.

म्हणजे आकडा नवा हवा, चुण्या मात्र जुन्याच राहायला हव्यात. आधी जुना आकडा घालवायचा. बहुतेक जण शेजारचं निळं कापड उचलून त्यावर थापतात आणि तिथेच चुणी मरते. त्याची गरज नाही, कारण पांढऱ्या आकड्यावरही तीच सावली पडलेली असते. सावली रंग पाहून पडत नाही. ती प्रत्येक रंगाला त्याच प्रमाणात मंद करते. या फोटोच्या हिरव्या चॅनेलचे, म्हणजे प्रत्येक पिक्सेलमधला हिरवा उजेड ० ते २५५ मध्ये मोजणारे आकडे पाहा. उजेडात पांढरा भाग २३० आणि निळं कापड ९२. चुणीच्या सावलीत पांढरा १५० आणि निळं ६०. दोन्हीकडे प्रमाण तेच, साधारण ०.६५.

म्हणून पांढऱ्या आकड्यावर निळा रंग `Multiply` पद्धतीने चढवायचा. ही पद्धत खालची आणि वरची किंमत गुणून २५५ने भागते. वरच्या रंगाची हिरवी किंमत १०२ ठेवली, तर उजेडात २३० गुणिले १०२ भागिले २५५ म्हणजे ९२. सावलीत १५०चे होतात बरोबर ६०. लाल आणि निळ्या चॅनेलचंही असंच. आकडा निळा झाला आणि चुणी जिथल्या तिथे राहिली. आकड्याच्या काठावर दोन-तीन पिक्सेलची पुसट रेघ उरते, तेवढी हाताने भरून काढावी लागते. हे सगळं जमतं ते पांढरा भाग उन्हात जळून पूर्ण २५५ झालेला नसेल तरच. तिथे सावलीची नोंदच राहिलेली नसते, मग गुणणार कशाला?

आता नवा नऊ. तो सपाट ठेवला तर कागदाचा चिकटवल्यासारखा दिसतो, म्हणून त्याला चुणीबरोबर वाकवायचं. फोटोशॉपमध्ये यासाठी `Filter > Distort > Displace` आहे. त्याला दुसरं एक करड्या रंगाचं चित्र द्यायचं, म्हणजे सरकवण्याचा नकाशा. नकाशात जिथे १२८ आहे तिथला पिक्सेल जागेवर राहतो, आणि जिथे त्याहून कमी-जास्त आहे तिथला एका किंवा दुसऱ्या दिशेने सरकतो. `Scale` १०० ठेवलं तर जास्तीत जास्त १२८ पिक्सेल, १० ठेवलं तर १२.८. नकाशा `.psd` म्हणून साठवलेला आणि फोटोच्याच मापाचा असावा.

नेहमीची कृती अशी सांगतात की जर्सीचाच फोटो करडा करा आणि तोच नकाशा म्हणून द्या. पहिल्यांदा मीही तेच केलं होतं, आणि आकडा वाकलाच नाही, नुसता बाजूला सरकला. कारण साधं आहे. या कापडाच्या किमती ६० ते ९२, म्हणजे सगळ्याच १२८च्या खाली. `Scale` १० असल्याने अख्खा आकडा एकाच दिशेने सरासरी पाच पिक्सेल गेला, आणि चुणीमुळे पडलेला फरक जेमतेम तीन पिक्सेलचा. आकडा सरकला पण वाकला नाही असं दिसलं, की नकाशाची सरासरी १२८वर नाही हे ओळखावं आणि `Levels`ने ती तिथे आणून फरक ताणावा. ताणण्याआधी `Gaussian Blur` हवाच. खेळाच्या जर्सीचं कापड जाळीदार असतं. ब्लर जाळीच्या भोकांहून मोठा आणि चुणीहून लहान नसेल, तर प्रत्येक भोक आकड्याची कड ओढतं आणि कड उंदराने कुरतडल्यासारखी होते.

एवढं करूनही या फोटोत नऊ खोटा वाटत होता. त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. उजेड आपल्याला चुणीची उंची सांगत नाही, तो उतार सांगतो. उन्हाकडे तोंड असलेला उतार उजळतो, पाठ असलेला काळवंडतो. चुणीचा माथा, म्हणजे सगळ्यात उंच जागा, ऊन बाजूने असेल तर मधल्याच करड्या रंगाची दिसते. छपाई मात्र किती सरकलेली दिसणार हे उंचीवर ठरतं. फोटो करडा करून दिला की यंत्र उजळ उतारालाच डोंगर समजतं आणि सावलीला दरी. मग एका चुणीवरून जाणारी रेघ आधी वर आणि मग खाली अशी नागमोडी होते. खरी रेघ माथ्यावर एकदाच फुगते.

खरी रेघ कशी जाते हे मला तर्काने ठरवावं लागलं नाही, कारण ती फोटोतच होती. व्हॉलीबॉलच्या नियमाप्रमाणे कप्तानाच्या छातीवरच्या आकड्याखाली ८ सेंटीमीटर लांब आणि दोन सेंटीमीटर उंच पट्टी असते. या कप्तानाच्या जर्सीवर ती होती आणि चुणी तिच्यावरूनच खाली गेली होती. छापणाऱ्याने पट्टी सरळ छापली होती, म्हणजे फोटोत ती जिथे वाकली ते सगळं कापडाचं आणि कॅमेऱ्याचं काम. अशी एखादी मूळची सरळ रेघ हाताशी असेल, तर तिच्याइतका खरा नकाशा दुसरा नाही.

फोटोत एक सेंटीमीटर म्हणजे साधारण ४० पिक्सेल. माथ्यावर पट्टी १० पिक्सेल वर चढलेली दिसली. वरच का? खेळाडू भारदस्त दिसावा म्हणून फोटो गुडघ्यावर बसून, खालून वर बघत काढला होता. खालून पाहिलं की कापडाचा पुढे आलेला भाग वर सरकलेला दिसतो, आणि वरून पाहिलं की खाली. चुणी ७ मिलिमीटर पुढे आलेली आणि कॅमेरा सुमारे २० अंश वर रोखलेला, याचा हिशेब अडीच मिलिमीटरच्या आसपास येतो, म्हणजे तेच १० पिक्सेल. समोरासमोर काढलेल्या फोटोत उभ्या चुणीने आडवी रेघ जवळजवळ वाकतच नाही. तिथे तिला जबरदस्तीने वाकवणं हीच चूक.

मग मी नकाशा हाताने रंगवला. सगळीकडे १२८चा करडा, चुणीच्या माथ्यावरून मऊ ब्रशने २२८ची रेघ, दोन्ही बाजूंना विरत जाणारी. माथा १२८हून १००ने वर, आणि `Vertical Scale` १० असल्याने सरकणं बरोबर १० पिक्सेल. `Horizontal Scale` शून्य. रेघ वर जायच्या ऐवजी खाली गेली, तर त्याच आकड्यामागे उणे चिन्ह द्यायचं.

पट्टीने आणखी एक गोष्ट सांगितली. ८ सेंटीमीटरची पट्टी ३२० पिक्सेल भरायला हवी होती, भरली २९६. चुणीच्या दोन्ही उतारांवर एकेक सेंटीमीटर कापड तिरकं, साधारण ४५ अंशांवर उभं आहे. तिरक्या कापडाचा एक सेंटीमीटर समोरून ०.७ च दिसतो. दोन्ही मिळून ०.६ सेंटीमीटर गायब, म्हणजे २४ पिक्सेल. `Displace` उभं सरकवत असताना हे आवळणं करत नाही, म्हणून नऊ चुणीपाशी, फक्त तेवढ्याच पट्ट्यात, `Liquify`ने दोन्ही बाजूंनी आत ढकलावा लागला. अख्खा आकडा बारीक केला तर चुणीबाहेरची रेषाही पातळ होते आणि शेजारच्या खेळाडूंच्या आकड्यांशी जुळत नाही.

‘क्रीडा मंडळ’ला जास्त वेळ गेला, आणि तो देवनागरीमुळे. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, एखादं दोन पिक्सेल इकडेतिकडे झालं तरी खपतं. आपली शिरोरेषा सगळ्या शब्दावरून पट्टीसारखी जाते आणि तिच्यातली लहानशी चूकही छाती ओलांडून दिसते. एकच वेलांटी बदलायची म्हणून तेवढीच खोडून ऱ्हस्वाची दीर्घ करायला गेलो, तर नव्या वेलांटीचं टोक जुन्या, वाकलेल्या शिरोरेषेला भेटेना. शेवटी पूर्ण शब्द नव्याने लिहून त्याच नकाशातून काढला.

मग सावली. स्वच्छ केलेल्या निळ्या कापडाची करडी प्रत घेऊन `Levels`मध्ये ९२ला २५५वर नेलं, त्यामुळे ६०चे १६६ झाले. ही प्रत अक्षरांवर `Multiply`ने चढवली. २३०चा पांढरा सावलीत १५० झाला, म्हणजे जुन्या सहाचा होता तेवढाच. या प्रतीला ब्लर द्यायचा की नाही हे छपाईवर ठरतं. सब्लिमेशनमध्ये, म्हणजे उष्णतेने रंग थेट कापडात मुरवणाऱ्या छपाईत, पांढरी शाई नसते. तिथला पांढरा आकडा म्हणजे न रंगलेलं कापडच, त्यामुळे त्यात जाळी दिसायलाच हवी. हीट प्रेसने चिकटवलेल्या व्हायनलखाली जाळी झाकली जाते. या जर्स्या सब्लिमेशनच्या होत्या, म्हणून ब्लर न देता जाळी राहू दिली.

असा बदल गावातल्या फ्लेक्सपुरता ठीक आहे. सामन्याच्या बातमीसाठी किंवा नोंदणीच्या अर्जासाठी हा फोटो वापरायचा नाही, हे मी पोरांकडून कबूल करून घेतलं, कारण तिथे आकड्यावरूनच खेळाडू ओळखला जातो.

शेवटी एक जागा उरली. बगलेकडून आलेली चुणी नऊच्या शेपटीपाशी इतकी वाकली होती की कापड स्वतःवरच आलं होतं. अशा ठिकाणी कापडाचा एक तुकडा दुसऱ्याच्या मागे लपतो. कुठलाही नकाशा पिक्सेल सरकवू शकतो, पण लपवू शकत नाही. नऊची शेपटी वळून त्या दुमडीवर चढली आणि तिथे फुगल्यासारखी दिसू लागली. मी दुमडीची कड शोधली. ती अरुंद, गडद आणि एकाच बाजूने तीक्ष्ण असते, साध्या सावलीसारखी दोन्हीकडे विरत नाही. त्या कडेवर मास्क टाकून शेपटीचा अर्धा सेंटीमीटर कापून टाकला. पलीकडे जे थोडं उरलं, ते कड ओलांडून २० पिक्सेल डावीकडे सरकवलं, कारण मधलं कापड दुमडीत गेलेलं होतं. तुटक्या शेपटीचा तो नऊ पोरांनी बराच वेळ पाहिला आणि शेवटी विचारलं, यात बदललं नेमकं काय?