प्रोटोकॉल-सारांशाचे सुबोध पुनर्लेखन

क्लिनिकल ट्रायलच्या प्रोटोकॉलसोबत, म्हणजे तिच्या लेखी योजनेसोबत, येणारा तांत्रिक सारांश, म्हणजे सिनॉप्सिस, त्या विषयाचे तज्ज्ञ नसलेल्या एथिक्स कमिटी सदस्यांसाठी, म्हणजे ट्रायलला नैतिक दृष्टीने मंजुरी देणाऱ्या समितीतील सदस्यांसाठी, नव्याने लिहून काढण्याची पद्धत. विषयाबाहेरचा सदस्य म्हणजे केवळ वकील, समाजकार्यकर्ता किंवा सामान्य नागरिक असे नव्हे. कर्करोगाच्या ट्रायलसमोर बसलेला अस्थिरोगतज्ज्ञही बऱ्याच अंशी त्याच बाकावर असतो. फरक इतकाच, की नागरिक-सदस्य न समजलेले विचारतो आणि डॉक्टर-सदस्याला विचारायला संकोच वाटतो.

हा मजकूर दोन जवळच्या दस्तऐवजांहून वेगळा आहे. सहभागी व्यक्तीला दिले जाणारे माहितीपत्रक तिने ‘भाग घ्यावा का’ हे ठरवण्यासाठी असते, तर हा सारांश ‘कोणालाही असे विचारणे योग्य आहे का’ हे ठरवण्यासाठी. युरोपीय संघाच्या 2014 च्या 536 क्रमांकाच्या विनियमात सामान्य वाचकांसाठीचा जो सारांश सांगितला आहे, तो ट्रायल संपल्यानंतरच्या निष्कर्षांचा असतो. माहितीपत्रकातली वाक्ये उचलून समितीचा सारांश तयार करण्याची सवय आढळते. त्यात तिथला धीर देणारा सूर आयताच येतो आणि समितीला हवा असलेला आराखड्याचा तपशील गळतो.

उगम : या पद्धतीचा आरंभ कोठे मानावा याबद्दल एकमत नाही. एक मत तो 1966 कडे नेते. त्या वर्षी अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने, अनुदानित संशोधनाचे परीक्षण संशोधकाच्या संस्थेतील सहकाऱ्यांच्या समितीने आधी करावे, अशी अट घातली. परंतु हे परीक्षक मुख्यतः समव्यवसायी होते, त्यांच्यासाठी भाषा बदलण्याची गरज निर्माण होण्याचे कारण नव्हते. दुसरे मत 1975 च्या टोकियो दुरुस्तीला महत्त्व देते. माणसांवरील वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वे सांगणाऱ्या, जागतिक वैद्यकीय संघटनेच्या 1964 च्या हेलसिंकी घोषणापत्रात त्या दुरुस्तीने, प्रयोगाचा प्रोटोकॉल स्वतंत्र समितीकडे विचार, अभिप्राय व मार्गदर्शनासाठी पाठवावा, असे तत्त्व घातले. मात्र ‘स्वतंत्र’ म्हणजे संशोधक आणि प्रायोजक यांच्यापासून स्वतंत्र, असे पुढे 1989 च्या दुरुस्तीत स्पष्ट झाले. वैद्यकाबाहेरच्या सदस्याचा त्यात आग्रह नव्हता.

तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. अमेरिकेच्या 1981 च्या नियमांनी, ज्याचा मुख्य विषय विज्ञानाबाहेरचा आहे असा किमान एक सदस्य समितीत असणे बंधनकारक केले. औषधनियमांत देशोदेशी एकसूत्रता आणणाऱ्या आयसीएच या संस्थेच्या 1996 च्या ई-6 या उत्तम क्लिनिकल पद्धतीच्या मार्गदर्शिकेने किमान पाच सदस्यांच्या समितीसाठी हीच अपेक्षा घेतली आणि शिवाय एक सदस्य संस्थेबाहेरचा असावा असे म्हटले. मताचा अधिकार असलेला, पण सारांश वाचू न शकणारा सदस्य अशा रीतीने तयार झाला, आणि पुनर्लेखनाची गरज त्याच्यापासून सुरू होते. त्याच मार्गदर्शिकेने प्रोटोकॉलमध्ये काय असावे याची लांबलचक यादी दिली, पण तीत सुबोध सारांशाचा उल्लेख नाही. म्हणजे वाचक नियमाने आला आणि त्याच्यासाठीचा मजकूर पुढे गरजेतून, निरनिराळ्या देशांच्या अर्ज-नमुन्यांतून आला, असे म्हणणे बहुधा योग्य ठरेल.

आराखड्याचे वाक्य : पुनर्लेखनाची खरी परीक्षा रोगाच्या वर्णनात नसते. न्यूमोनिया म्हणजे फुप्फुसाचा जंतुसंसर्ग, हे कोणीही लिहील. अडचण येते ती ट्रायलचा आराखडा सांगणाऱ्या एका वाक्यात. पुढील उदाहरण काल्पनिक आहे, परंतु त्यातले आकडे नेहमीच्या सूत्राने काढलेले आहेत.

तांत्रिक सारांशात असे लिहिले आहे : ‘रुग्णालयात दाखल न्यूमोनियाग्रस्त प्रौढांत नव्या तोंडी प्रतिजैविकाची प्रचलित शिरेतील प्रतिजैविकाशी तुलना करणारी रँडमाइज्ड, डबल-ब्लाइंड, डबल-डमी, नॉन-इन्फिरिऑरिटी ट्रायल, उपचार सात दिवस, मार्जिन 10 टक्के-बिंदू, प्रत्येक गटात 337.’ याचे पहिले सोपे रूप बहुतेक वेळा असे येते : ‘नवी गोळी सध्याच्या इंजेक्शनइतकीच चांगली आहे का, हे पाहिले जाईल.’ वाक्य सुटसुटीत आहे, पण चुकीचे आहे. नॉन-इन्फिरिऑरिटी ट्रायल ‘तितकीच चांगली’ हे सिद्ध करत नाही. ‘ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त वाईट नाही’ एवढेच ती सांगू शकते, आणि ती मर्यादा, म्हणजेच मार्जिन, किती असावी हाच समितीपुढचा नैतिक प्रश्न आहे. सोप्या वाक्याने नेमका तोच झाकला.

दुसऱ्या प्रयत्नात उलटी चूक होते : ‘100 पैकी 10 कमी रुग्ण बरे झाले तरी गोळी चालेल.’ हेही खरे नाही. समजा, प्रचलित इंजेक्शनने 100 पैकी 80 जण बरे होतात. प्रत्येक गटात 337 जण असताना इंजेक्शनच्या गटात 270 आणि गोळीच्या गटात 258 बरे झाले, तर फरक सुमारे साडेतीन टक्के-बिंदूंचा दिसतो. नमुन्यातील अनिश्चितता धरली, तर खरा फरक जास्तीत जास्त पावणेदहाच्या आसपास असू शकेल. तो 10 च्या आत आहे, म्हणून गोळी उत्तीर्ण. आणखी एकच जण कमी, म्हणजे 257 बरे झाले, तर हा जास्तीत जास्त फरक 10 च्या किंचित पलीकडे जातो आणि गोळी नापास होते. तेव्हा समितीला सांगायचे ते असे :

‘सध्याच्या इंजेक्शनने 100 पैकी सुमारे 80 जण बरे होतात. नव्या गोळीने प्रत्यक्षात तीन-साडेतीन जण कमी बरे झालेले दिसले, तरी ती स्वीकारार्ह ठरू शकेल. त्या वेळी खरा तोटा याहून मोठा, 100 मागे 10 जणांच्या जवळपास, असण्याची शक्यता पुराव्याने नाकारलेली नसेल. हा तोटा पत्करण्याचे कारण म्हणून संशोधक गोळी घरी घेता येते याकडे बोट दाखवतात.’

परिच्छेद लांबला खरा, पण आता निवृत्त शिक्षकही विचारू शकतो, की या सोयीसाठी इतका तोटा चालेल का आणि 10 हा आकडा कशावरून घेतला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रोटोकॉलमध्ये असलेच पाहिजे. प्रचलित औषध काहीच न देण्यापेक्षा किती जास्त रुग्ण बरे करते, याच्या जुन्या पुराव्यावरून ही मर्यादा काढली जाते. नाहीतर ‘फार वाईट नाही’ असे औषध निरुपयोगी औषधाच्या जवळ जाऊन बसेल.

याच वाक्यातला ‘डबल-डमी’ हा शब्द त्याहून फसवा आहे. गोळी कोणाला आणि इंजेक्शन कोणाला हे डॉक्टर व रुग्ण दोघांनाही कळू नये, म्हणून प्रत्येकाला दोन्ही द्यावी लागतात, त्यांपैकी एक नकली. सुबोध सारांशात लिहायचे ते असे : ‘गोळीच्या गटातील व्यक्तीच्या शिरेतही सात दिवस सुई राहील आणि त्यातून औषधाऐवजी मिठाचे पाणी जाईल.’ घरी जाता येणे हाच ज्या गोळीचा मुख्य लाभ सांगितला, तो ट्रायलमधील कोणालाही मिळणार नाही. तो पुढच्या रुग्णांसाठी आहे. सुईच्या जागी सूज व संसर्ग होण्याची जोखीम मात्र आज भाग घेणाऱ्याची. तांत्रिक सारांशात हे सारे दोन शब्दांत मिटलेले असते, म्हणून वाचक म्हणून बाहेरचा सदस्य बसवण्याचे प्रयोजन येथेच सर्वाधिक जाणवते. अशा वेळी सुबोध सारांशाने आणखी एक गोष्ट सांगावी : तिसऱ्या दिवशी सुधारणा दिसली नाही, तर कोण, कशाच्या आधारे, कोणत्या सिद्ध औषधाकडे वळवणार.

शब्दांचे सापळे : काही तांत्रिक शब्द साधे दिसतात, म्हणून त्यांचे भाषांतर बेसावधपणे होते. दुष्परिणामांच्या वर्गीकरणात ‘कॉमन’ म्हणजे 100 पैकी एक ते 10 पैकी एकाच्या आत, असा ठरलेला अर्थ आहे. ‘सर्रास आढळणारा’ असे लिहिले तर वाचक निम्म्या लोकांची कल्पना करतो. म्हणून तेथे विशेषणाऐवजी संख्या लिहावी, आणि ती किती जणांपैकी हेही सांगावे : ‘120 पैकी सहा जणांत’, केवळ ‘सहा जणांत’ नव्हे.

मराठीपुरता एक सापळा वेगळा आहे. ‘सीरियस’ आणि ‘सिव्हिअर’ या दोन्हींना आपण सहज ‘गंभीर’ म्हणतो. नियमांच्या भाषेत सीरियस घटना म्हणजे मृत्यू, जिवाला धोका, रुग्णालयात दाखल होणे किंवा तेथील मुक्काम वाढणे, कायमचे अपंगत्व, जन्मजात दोष वगैरे परिणाम घडणे. सिव्हिअर म्हणजे त्रासाची तीव्रता. असह्य डोकेदुखी सिव्हिअर असते, पण सीरियस असेलच असे नाही. सौम्य हृदयविकाराचा झटका त्रासाने सौम्य, तरी सीरियस. पहिल्यासाठी ‘गंभीर’ आणि दुसऱ्यासाठी ‘तीव्र’ असा कायमचा भेद ठेवला, तर समितीतला बराच घोळ टळतो.

‘उपचार’ हा शब्दही जपून वापरावा लागतो. ट्रायलमधील निर्णय आपल्या वैयक्तिक हितासाठीच घेतले जातात, असा सहभागींचा समज अपेलबॉम, रॉथ व लिड्झ यांनी 1982 मध्ये ‘थेराप्युटिक मिसकन्सेप्शन’ या नावाने मांडला. तो समज सदस्यांमध्येही शिरतो. ज्याचा गुण अजून ठरायचा आहे, त्याला ‘नवे उपचार’ न म्हणता ‘अभ्यासातील गोळी’ म्हणणे बरे. कोणते गट कोणाला मिळतील हे ‘संगणकाच्या चिठ्ठीने ठरेल, डॉक्टरांच्या मताने नाही’ असे सरळ सांगावे.

तपासणी : वाक्यांची लांबी आणि शब्दांतील उच्चारघटक मोजणारी सूत्रे, उदाहरणार्थ इंग्रजीसाठी फ्लेश यांनी 1948 मध्ये दिलेले, या कामी फारशी उपयोगी पडत नाहीत. ‘तितकीच चांगली आहे का’ हे चुकीचे वाक्य त्या कसोटीवर सहज उत्तीर्ण होईल. अधिक भरवशाचा मार्ग दुहेरी आहे. विषयाबाहेरच्या व्यक्तीला मजकूर वाचायला देऊन, बंद करून, तिच्या शब्दांत विचारावे : नेहमीच्या उपचारांपेक्षा या लोकांना जास्तीचे काय सोसावे लागेल, वाईटात वाईट काय निकाल ‘यशस्वी’ म्हणवला जाईल, आणि मधेच थांबायचे तर काय होईल? यांपैकी एकाचेही उत्तर ‘तसे लिहिलेले दिसले नाही’ असे आले, तर दोष वाचकाचा नाही. मग तोच मजकूर ट्रायलच्या सांख्यिकीतज्ज्ञाने मूळ प्रोटोकॉलशी ताडून पाहावा, कारण सोपे करताना सर्वांत आधी ‘शक्यता’, ‘कदाचित’, ‘पर्यंत’ हे शब्द गळतात.

सारांशाच्या माथ्यावर मूळ प्रोटोकॉलचा आवृत्ती-क्रमांक व दिनांक असावा. दुरुस्ती होऊन मार्जिन 10 वरून 12 झाले आणि सुबोध सारांश जुनाच राहिला, तर तज्ज्ञ सदस्य एका ट्रायलवर आणि इतर सदस्य दुसऱ्याच ट्रायलवर मत देतात. कार्यवृत्तात मात्र मंजुरी एकच नोंदली जाते.