पर्णहीन वृक्षाची छायाचित्रावरून ओळख

झाडावर पाने नसताना साल, खोडाचा घाट आणि फांद्यांची मांडणी एवढ्यावरून त्याचे नाव ठरवण्याची पद्धत. पानगळीच्या जंगलात माघ-फाल्गुनात काढलेल्या छायाचित्रांसाठी ती विशेष उपयोगी पडते. वनस्पतींचे वर्गीकरण मुख्यतः फुलाफळांच्या रचनेवर उभे असल्यामुळे अशा ओळखीला पुराव्याचे बळ कमीच असते. कधी ती एका जातीपर्यंत पोहोचते, कधी दोन-तीन नावांवर थांबते.

सालीचे वागणे समजले की तिचे रूप वाचणे सोपे जाते. खोड आतून जाड होत जाते, पण बाहेरची साल मृत पेशींची असल्याने ताणली जात नाही. ती एक तर फाटते, नाही तर गळून पडते. मेलेले थर जागीच चिकटून राहिले तर खोल भेगा आणि चौकटी तयार होतात. ते पातळ थरांनी सुटत गेले तर पापुद्रे निघतात आणि आतली नवी, गुळगुळीत साल उघडी पडते. हा फरक एकाच प्रजातीतल्या दोन झाडांतही टोकाचा असू शकतो. ऐन आणि अर्जुन ही दोन्ही टर्मिनेलिया प्रजातीची झाडे. ऐनाची साल काळपट, उभ्या-आडव्या भेगांनी मगरीच्या पाठीसारखी तुकड्यातुकड्यांची. अर्जुनाची मात्र फिकट आणि गुळगुळीत, मोठ्या चपट्या ढलप्यांनी सुटणारी. पाने पाहिली तर दोघांचे नाते ध्यानात येईल, पण साल पाहून तसा संशयही येत नाही.

मात्र साल वयाप्रमाणे बदलते. कोवळ्या ऐनावर या चौकटी पुरत्या उमटलेल्या नसतात, आणि जुन्या झाडाच्या वरच्या फांद्यांवरही साल कोवळ्या वयातलीच दिसते. म्हणून तुलना करायची ती पूर्ण वाढलेल्या झाडाच्या छातीइतक्या उंचीवरच्या सालीशी. काटेसावरीत तर खालच्या खोडावरचे शंकूसारखे काटे वयाबरोबर झिजून जातात. बुंधा बिनकाट्याचा दिसला म्हणून ती सावर नव्हे असे म्हणता येत नाही. तिथे फांद्या मदतीला येतात. सरळ खोडावर एकाच पातळीतून चहूबाजूंना निघालेल्या आडव्या फांद्यांचे मजले दिसले, तर सावरीचा अंदाज बळावतो. पांगाऱ्यालाही काटे असतात, पण त्याच्या फांद्यांत ही मजल्यांची शिस्त नसते.

फांद्यांची मांडणी ही झाडाच्या वाढीची अंगभूत रीत असते. हाले, ओल्डेमन आणि टॉमलिन्सन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात उष्णकटिबंधीय झाडांच्या वाढीचे 23 नमुने मांडले, ते याच आधारावर. छायाचित्र पाहणाऱ्याला एवढ्या खोलात शिरायची गरज नसते. त्याला मुख्यतः हे पाहायचे असते की डहाळ्या समोरासमोर फुटतात की एकाआड एक, आणि त्यांची टोके बारीक आहेत की जाड, बोथट. सागाच्या डहाळ्या समोरासमोर आणि चौकोनी असतात. जोडीतली एक डहाळी वाळून गळून पडते, त्यामुळे जुन्या फांद्यांवर मांडणी एकाआड एक असल्याचा भास होतो. ती पाहायची असते ती शेंड्याकडच्या कोवळ्या भागात. जाड, बोथट टोके बहुधा मोठ्या पानांच्या झाडांची असतात, आणि त्यांवर गळून गेलेल्या पानांचे वणही ठळक राहतात.

खोडाचा घाट या तिन्हींत सर्वांत बेभरवशाचा. एकच जात दाट जंगलात उंच, सरळ खोडाची होते आणि मोकळ्या जागी खालूनच फांद्या फोडते. चाऱ्यासाठी किंवा सरपणासाठी वारंवार छाटलेल्या झाडाचा मूळ घाट ओळखण्यापलीकडे जातो. बुंध्याला फुटलेले उभे आधार तेवढे त्यातल्या त्यात विश्वासाचे. सावर आणि अर्जुन यांच्या मोठ्या झाडांत ते आढळतात. कोवळ्या झाडात मात्र ते नसले तरी त्यावरून काही सिद्ध होत नाही.

या पद्धतीचा कस लागतो तो पांढुरक्या खोडांच्या बाबतीत. समजा, फेब्रुवारीतले छायाचित्र आहे: कोरडा, खडकाळ उतार, त्यावर निष्पर्ण झाड, खोड पांढरट आणि जागोजागी पापुद्रे सुटलेले. इथे अर्जुन, नाणा, सलई आणि कांडोळ ही चार नावे समोर ठेवावी लागतात. अर्जुन मुळात ओढ्या-नदीकाठचा. रस्त्याकडेला लावलेला तो कुठेही भेटतो, पण कोरड्या उतारावर आपोआप उगवलेला सहसा भेटत नाही. शिवाय त्याच्या ढलप्या जाडसर असतात. या छायाचित्रातले पापुद्रे कागदी आहेत आणि त्यांच्या कडा वळलेल्या आहेत. अर्जुन बाजूला पडतो.

नाण्याची सालही पातळ सुटते. पण ते बहुधा ओलसर जंगलातले उंच झाड. डहाळ्या बारीक, आणि पानगळीनंतरही शेंड्यांवर उकललेली टणक बोंडे झुपक्यांनी टिकून असतात. छायाचित्र मोठे करून पाहिल्यावर या झाडाच्या फांद्यांची टोके बोटाएवढी जाड, बोथट दिसतात आणि त्यांवर पानांचे मोठे वण आहेत. बोंडांचा मागमूस नाही. म्हणजे नाणाही गेला.

राहिली सलई आणि कांडोळ, आणि खरी अडचण इथेच आहे. दोघांचे माहेर खडकाळ उतार, दोघांची टोके जाड, दोघांची साल कागदी पापुद्र्यांची. सलईची साल राखी-हिरवट झाकेची आणि पापुद्रे लहान. कांडोळाची साल चकचकीत पांढरी, पापुद्रे मोठे आणि वेडेवाकडे. पण हा रंग छायाचित्रात टिकेलच असे नाही: सकाळच्या उन्हात हिरवट साल पिवळी दिसते, फ्लॅशमध्ये राखी साल पांढरी होते, आणि उजळ आकाशासमोर तीच काळवंडते. म्हणून खोडाचा रंग एकट्याने न पाहता त्याच चौकटीतल्या खडकाशी आणि वाळल्या गवताशी ताडून पाहावा. ते दोन्ही नेहमीच्या रंगात दिसत असतील, तर खोडाच्या पांढरेपणावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

निकाल लागतो तो शेंड्यावर. कांडोळ निष्पर्ण असतानाच फुलतो. डिसेंबर ते मार्चच्या दरम्यान फांद्यांच्या टोकांशी पिवळसर-हिरवट, तांबूस लवेचे दाट फुलोरे येतात. या छायाचित्रात टोकांवर तांबूस-पिवळा धुरकट पुंजका आहे. सलईची फुले लहान, पांढरी. म्हणून इथे कांडोळ हे नाव पुढे येते. टोके रिकामी असती, तर ‘कांडोळ किंवा सलई’ एवढेच लिहिणे योग्य ठरले असते. खोडावर घाव असतील तर त्यांतून आलेले थेंबही दिसतात, पण सलईची राळ आणि कांडोळाचा डिंक छायाचित्रात वेगळे करता येतात असे मानणे धाडसाचे आहे. जागेवर वास घेतला तर राळेचा सुगंध लगेच कळतो.

सालीवरचे दगडफूल आणि शेवाळ ही आणखी एक फसवी बाब. ऐनाच्या काळ्या खोडावर दगडफुलाचे पांढरे चट्टे आले की दुरून ते फिकट सालीचे झाड वाटते. चट्ट्यांच्या कडा भेगांवरून सलग पुढे गेलेल्या दिसल्या तर तो रंग सालीचा नव्हे. पावसाने भिजलेली साल तर रंगासाठी वापरूच नये. भेगांची रचना मात्र ओल्या सालीत उलट अधिक स्पष्ट दिसते.

नाव हवे असेल तर एका झाडाची निदान तीन छायाचित्रे लागतात: पूर्ण झाड, छातीच्या उंचीवरची साल जवळून, आणि फांदीचे टोक. सालीच्या चित्रात आकाराचा अंदाज यावा म्हणून हाताचा पंजा ठेवतात. बुंध्याभोवतीच्या जमिनीचे चौथे चित्र अनेकदा सर्वांत उपयोगी ठरते, कारण तिथे वाळलेली पाने आणि जुनी फळे पडलेली असतात. मात्र वाऱ्याने ती शेजारच्या झाडाचीही आलेली असू शकतात. एकाच प्रकारची पाने बुंध्याच्या सर्व बाजूंना साचली असतील तरच ती त्या झाडाची धरावीत.