6,07,128 रुपयांचा तो आकडा: सुकन्या समृद्धीचा अंदाज कुठे आणि का चुकला

2015 सालचा एक मेसेज अनेकांना आठवत असेल. मुलीच्या नावाने दरमहा 1,000 रुपये भरा, 14 वर्षांत 1,68,000 रुपये भरून होतील आणि खाते 21 वर्षांचे झाले की हातात 6,07,128 रुपये येतील. सुकन्या समृद्धी योजनेची घोषणा 22 जानेवारी 2015 रोजी पानिपतला ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ मोहिमेसोबत झाली आणि पाठोपाठ हा आकडा घराघरांत पोचला. कित्येक आईवडिलांनी तो आकडा डोक्यात ठेवूनच पोस्टात खाते उघडले.

तो आकडा कुणी हवेतून काढलेला नव्हता. दर 9.1 टक्के धरा आणि दर महिन्याच्या सुरुवातीला 1,000 रुपये जमा करा. पहिला हप्ता वर्षात 12 महिने व्याज कमावतो, दुसरा 11 महिने, शेवटचा एकच महिना. ही बेरीज 78 महिन्यांची होते, म्हणजे वर्षभराच्या हप्त्यांवर 591 रुपये 50 पैसे व्याज. असे 14 वर्षे केले आणि पुढची 7 वर्षे पैसे नुसते वाढू दिले, तर उत्तर बरोबर 6,07,128 येते. गणितात चूक नाही. चूक आहे ती एकच दर 21 वर्षे टिकेल या गृहीतकात.

हे गृहीतक का टिकणार नव्हते, ते योजनेच्या आधीच्या इतिहासात दिसते. अल्पबचतीचे दर सरकारी रोख्यांवरच्या परताव्याशी जोडावेत अशी शिफारस श्यामला गोपीनाथ समितीने 2011 मध्येच केली होती. त्यानंतर दर वर्षातून एकदा ठरू लागले. सुकन्याला 2014-15 साठी 9.1 टक्के आणि 2015-16 साठी 9.2 टक्के दर मिळाला तो याच पद्धतीत. फेब्रुवारी 2016 मध्ये सरकारने जाहीर केले की 1 एप्रिलपासून दर प्रत्येक तिमाहीला ठरतील. सुकन्यासाठी सूत्र असे की तुलनेच्या सरकारी रोख्यांच्या परताव्यावर पाऊण टक्का जास्त द्यायचा. रोख्यांवरचा परतावा उतरला की सुकन्याचा दर उतरणार, हे तेव्हापासून लेखी आहे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. बँकेच्या मुदत ठेवीत किंवा राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रात पैसे ठेवतानाचा दर शेवटपर्यंत कायम राहतो. सुकन्यात तसे नाही. नवा दर लागू झाला की तो त्या दिवसापासून खात्यातल्या सगळ्या रकमेला लागतो, 2015 मध्ये भरलेल्या पैशालाही. ‘आम्ही 9.2 च्या काळात खाते उघडलेय’ असे म्हणणाऱ्यांना म्हणूनच त्याचा काही वेगळा फायदा मिळत नाही.

आता दर कसे सरकत गेले ते पाहू. एप्रिल 2016 ला 8.6, ऑक्टोबरला 8.5, मग 2017 मध्ये 8.4 आणि 8.3, जानेवारी 2018 ला 8.1. ऑक्टोबर 2018 ला पुन्हा 8.5 आणि जुलै 2019 ला 8.4. एप्रिल 2020 मध्ये एकदम 7.6. वर्षभराने, 31 मार्च 2021 च्या संध्याकाळी, तो 6.9 करण्याचा आदेश निघाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी तो नजरचुकीने निघाल्याचे सांगून मागे घेतला. त्यामुळे एप्रिल 2020 पासून 7.6 हाच दर सलग तीन वर्षे राहिला. एप्रिल 2023 ला 8.0 आणि जानेवारी 2024 पासून 8.2.

हे दर एका खात्यावर लावून पाहू. खाते एप्रिल 2015 मध्ये उघडले, दरमहा 1,000 रुपये, एकही हप्ता न चुकता, महिन्याच्या 5 तारखेच्या आत. व्याज प्रत्येक महिन्याला मोजले जाते, पण खात्यात जमा होते ते 31 मार्चला. त्यामुळे वर्षाच्या मध्ये दर बदलला तर त्या वर्षाचा सरासरी दर काढावा लागतो. 2016-17 मध्ये सहा महिने 8.6 आणि सहा महिने 8.5 होता, म्हणून जुन्या शिलकीला 8.55 टक्के. 2023-24 मध्ये नऊ महिने 8.0 आणि तीन महिने 8.2, म्हणजे 8.05 टक्के. एक्सेलमध्ये एका वर्षाची ओळ अशी होते, B2 मध्ये मागची शिल्लक आणि C2 मध्ये वर्षाचा दर (8.2% असा) धरून:

```
=B2*(1+C2)+12000+6500*C2
```

शेवटचे 6500 म्हणजे वर सांगितलेले 78 महिने, 1,000 रुपयांनी गुणून 12 ने भागलेले. पूर्ण 12,000 रुपये एकदम 5 एप्रिलच्या आत भरणाऱ्याने तिथे 12000 लिहावे, आणि 80सी साठी मार्चअखेर धावपळ करून भरणाऱ्याने 0. आजच्या 8.2 टक्क्यांनी त्या वर्षाच्या हप्त्यांवर दरमहा भरणाऱ्याला 533, एकदम भरणाऱ्याला 984 आणि मार्चअखेर भरणाऱ्याला शून्य रुपये व्याज मिळते.

पहिल्या वर्षी हे खाते मेसेजच्या किंचित पुढेच होते, कारण दर 9.1 नाही तर 9.2 मिळाला. हप्त्यांवर 598 रुपये व्याज पडले. पाच वर्षांनी, 31 मार्च 2020 ला, शिल्लक सुमारे 74,216 रुपये झाली. मेसेजच्या हिशेबाने 75,507 हवी होती. फरक अवघा तेराशेचा, कुणाच्या लक्षातही येणार नाही असा. दहा वर्षांनी, 31 मार्च 2025 ला, शिल्लक 1,81,411 रुपये. मेसेजप्रमाणे 1,92,217. म्हणजे पुढच्या पाच वर्षांत तफावत तेराशेवरून पावणेअकरा हजारांवर गेली.

पुढे 2036 पर्यंत 8.2 टक्केच राहतील असे धरले, तर 14 वर्षांच्या हप्त्यांवर साधारण 5,30,000 रुपये मिळतील. 6,07,128 पेक्षा सत्त्याहत्तर हजारांनी कमी. मधल्या काळात नियमही बदलला. हप्ते भरायची मुदत मार्च 2016 मध्ये 14 वरून 15 वर्षे झाली, म्हणून आज हिशेब 15 हप्तावर्षांचाच करायला हवा. तो केला की रक्कम 5,50,000 च्या आसपास जाते. पण त्यात आपल्याच खिशातले 12,000 रुपये जास्त गेलेले असतात, त्यामुळे जुन्या आकड्याशी तिची सरळ तुलना करू नये.

तफावत इतकी उशिरा का वाढते, याचे उत्तर शिलकीच्या आकारात आहे. पहिल्या वर्षी दर एक टक्क्याने कमी असता तर फक्त 65 रुपये बुडाले असते आणि मुदतपूर्तीला ती तूट वाढून 310 रुपयांच्या आसपास झाली असती. शेवटच्या वर्षी शिल्लक पाच लाखांच्या वर असते, तिथे एक टक्का म्हणजे पाच हजारांहून जास्त. 8.2 च्या हिशेबात मार्च 2030 ला 3,42,849 रुपये होतात आणि त्यानंतरच्या सहा वर्षांत, एकही रुपया न भरता, सुमारे 2,07,000 रुपये व्याज जमा होते. संपूर्ण खात्याच्या व्याजाचा निम्म्याहून मोठा भाग या सहा वर्षांतला आहे. म्हणून 2015 ते 2020 च्या चांगल्या दरांनी या खात्याचे भवितव्य फारसे ठरलेले नाही. ते 2030 ते 2036 मधले दर ठरवणार आहेत, आणि ते आज कुणालाच ठाऊक नाहीत.

मग अंदाज कोणत्या दराने करायचा? माझे मत स्पष्ट आहे: आजचा दर हा वरचा आकडा समजावा, मधला नव्हे. 2025 च्या मध्यावर दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा साडेसहा टक्क्यांच्या खाली होता. त्यावर पाऊण टक्का मिळवला तर सूत्राप्रमाणे सुकन्याला सात टक्क्यांच्या आसपास मिळायला हवे. सरकारने 8.2 दिले ते सूत्राच्या वर जाऊन. हा निर्णय मुलींच्या बाजूचा आहे आणि त्याचे मला समाधान आहे, पण 2036 पर्यंतच्या हिशेबाला त्याचा आधार पुरत नाही. एप्रिल 2025 पासून 7.6 टक्के धरले तर हेच खाते 5,19,000 वर थांबते. 7 टक्के धरले तर 4,89,000. कॉलेजच्या फीचे नियोजन करायचे असेल तर मी या शेवटच्या आकड्यावर करीन.

ऑनलाइन कॅल्क्युलेटर वापरताना याच जागी सावध राहावे. त्यातले बरेचसे आजचा दर पूर्ण 21 वर्षांना लावतात. दर मागच्या वर्षांनाही लागला तर 2020 ते 2023 चे 7.6 गळून जाते, तसेच पहिल्या वर्षांचे साडेआठच्या आसपासचे दरही. जुन्या खात्याचा अंदाज नेहमी पासबुकातल्या 31 मार्चच्या शिलकीपासून पुढे करावा. झालेली वर्षे पुन्हा मोजायचीच नाहीत.

पासबुक मात्र एकदा तपासून घ्यावे. वरच्या खात्यात मार्च 2024 ला 1,56,079 रुपये होते. 2024-25 चे व्याज त्यावर 12,798 आणि हप्त्यांवर 533, एकूण 13,331 रुपये दिसले पाहिजे. एखादा हप्ता 6 तारखेला गेला असेल तर सातेक रुपये कमी दिसतील, कारण महिन्याचे व्याज 5 तारखेनंतर महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मिळते. शंभर-दोनशेची तफावत आली तर हप्त्याची नोंद सुटली आहे का ते पोस्टात किंवा बँकेत जाऊन विचारावे. हप्ता पूर्ण वर्षभर राहून गेला असेल तर 50 रुपये दंड भरून खाते पुन्हा चालू करता येते.

आणखी एक बाब अंदाजात धरली जात नाही. 21 वर्षे ही खाते उघडल्यापासूनची, मुलीच्या वयाची नव्हेत. 2015 मध्ये पाच वर्षांची असलेली मुलगी खाते संपेल तेव्हा 26 वर्षांची असेल. 18 वर्षे पूर्ण झाल्यावर लग्नासाठी खाते आधी बंद करता येते, लग्नाच्या आधीचा एक महिना ते नंतरचे तीन महिने एवढ्या काळात. समजा ते मार्च 2033 च्या अखेरीस बंद झाले, तर 8.2 टक्के कायम धरूनही हाती 4,34,000 रुपये येतात, आणि 7 टक्के धरले तर 4,00,000 ला थोडे कमी.