लेझर डायोडचा वळणारा आलेख

तांबड्या लेझर पॉइंटरमध्ये ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश देणारा एक छोटा डायोड असतो, आणि डीव्हीडी वाचण्यासाठीही याच तरंगलांबीचा डायोड वापरतात. त्याची कमाल शक्ती ५ मिलिवॅट आहे असे धरू. त्यातून जाणारा विद्युतप्रवाह शून्यापासून हळूहळू वाढवत नेला आणि बाहेर पडणारा प्रकाश प्रत्येक टप्प्यावर मोजला, तर मिळणारा आलेख सरळ रेषेचा नसतो. सुरुवातीला तो आडव्या अक्षाला जवळजवळ चिकटून सरकतो आणि मग एका ठरावीक प्रवाहापाशी एकदम वळून उभा चढू लागतो. आपल्या उदाहरणात हे वळण २० मिलिअँपिअरवर येते असे मानू. या वर्गातील डायोडसाठी हा आकडा वावगा नाही. या प्रवाहाला थ्रेशोल्ड करंट म्हणतात. वळणाच्या अलीकडे डायोड बंद असतो असा एक सर्रास समज आहे, पण १० मिलिअँपिअरवरही तो मंद तांबडा उजळलेला दिसतो. तो प्रकाश देत असतोच. फक्त त्या वेळी तो लेझर नसतो, एक सुमार एलईडी असतो.

एलईडीमध्ये दोन प्रकारच्या अर्धवाहकांच्या जोडापाशी आलेला इलेक्ट्रॉन होलशी, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागेशी, मिळतो आणि सुटणारी ऊर्जा एका फोटॉनच्या रूपाने बाहेर पडते. ही घटना केव्हा घडेल आणि फोटॉन कोणत्या दिशेने जाईल हे कोणी ठरवून देत नाही, म्हणून याला उत्स्फूर्त उत्सर्जन म्हणतात. परिणामी प्रकाश सर्व दिशांना पसरतो आणि त्यात साधारण २० नॅनोमीटर रुंदीच्या पट्ट्यातील तरंगलांबी मिसळलेल्या असतात. इलेक्ट्रॉन दुप्पट पाठवले की फोटॉनही साधारण दुप्पट मिळतात, त्यामुळे एलईडीचा आलेख शून्यापासूनच चढू लागतो. प्रवाह फार वाढल्यावर, मुख्यतः उष्णतेमुळे, तो थोडा वाकतो, पण त्यात वळणाचा बिंदू नसतो.

लेझरमध्ये दुसरी घटना हातात घ्यावी लागते. आधीच अस्तित्वात असलेला फोटॉन एखाद्या उत्तेजित इलेक्ट्रॉनजवळून गेला, तर तो त्याला खाली उतरवून अगदी आपल्यासारखाच, त्याच दिशेचा व त्याच लयीचा, दुसरा फोटॉन निर्माण करू शकतो. हे उद्दीपित उत्सर्जन होय. अडचण अशी की तोच फोटॉन खालच्या पातळीवरच्या इलेक्ट्रॉनकडून शोषलाही जाऊ शकतो. प्रवाह कमी असताना शोषणाचे पारडे जड असते. प्रवाह वाढून वरच्या पातळीवर पुरेसा साठा झाला की स्फटिक आधी पारदर्शक होतो आणि त्यापुढे प्रकाश वाढवू लागतो. तरीही लेझर लगेच सुरू होत नाही, कारण हा वाढवलेला प्रकाश आरशांमधून गळत असतो.

डायोडमधले आरसे म्हणजे स्फटिकाचीच दोन टोके होत. पदार्थाचा अपवर्तनांक ३.५ च्या आसपास असल्याने, लेप न दिलेल्या टोकावरून सुमारे ३१ टक्के प्रकाश परत फिरतो आणि उरलेला बाहेर जातो. समजा चिपची लांबी ३०० मायक्रोमीटर आहे. तेव्हा एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना प्रकाश किमान ३.२ पट वाढला तरच आरशावरची गळती भरून निघते. पदार्थात होणारे शोषण व विखुरणे धरले तर याहूनही जास्त वाढ लागते. ज्या प्रवाहावर ही जमा आणि हा खर्च नेमके जुळतात तो थ्रेशोल्ड करंट. काचेच्या आरशांवर चालणाऱ्या मोठ्या लेझरच्या मानाने हे आरसे फारच गळके आहेत. केसाच्या जाडीच्या काही पट एवढ्याच लांबीत प्रकाशाची इतकी वाढ करून देणे हे अर्धवाहकालाच जमते.

वळणानंतर आत जे घडते ते मला या विषयातले सर्वांत लक्षणीय वाटते. टाकी काठोकाठ भरून वाहू लागली की नळ कितीही सोडला तरी पाण्याची पातळी वाढत नाही, फक्त बाहेर जाणारे पाणी वाढते. तसेच २० मिलिअँपिअरच्या पुढे इलेक्ट्रॉनांचा साठा वाढणे जवळजवळ थांबते, कारण तो जरा वर गेला तर उद्दीपित उत्सर्जन लगेच वाढून त्याला पुन्हा खाली ओढते. उत्स्फूर्त प्रकाश साठ्यावर अवलंबून असल्याने तोही तेथेच अडतो. नंतर येणारा जवळजवळ प्रत्येक इलेक्ट्रॉन लेझरच्या किरणातच भर घालतो, आणि म्हणूनच आलेख उभा आणि सरळ होतो.

हा सरळ भाग मोजता येतो. २५ मिलिअँपिअरवर ३.५ आणि २७ मिलिअँपिअरवर ४.९ मिलिवॅट मिळाले, तर प्रत्येक मिलिअँपिअरमागे ०.७ मिलिवॅटची वाढ झाली. हीच रेषा मागे वाढवली की ती आडव्या अक्षाला २० वर छेदते. थ्रेशोल्ड काढण्याची ही नेहमीची पद्धत आहे. ६५० नॅनोमीटरच्या एका फोटॉनची ऊर्जा १.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याने प्रत्येक इलेक्ट्रॉनने एक फोटॉन बाहेर दिला असता, तर ही वाढ १.९ मिलिवॅट झाली असती. म्हणजे वळणानंतरच्या दर शंभर इलेक्ट्रॉनांमागे साधारण ३७ फोटॉन पुढच्या टोकातून आपल्याला मिळतात.

बदल डोळ्यांनाही ओळखता येतो. किरण थेट डोळ्यात जाऊ न देता, भिंतीवर पडलेला ठिपका लांबून पाहावा. वळणाच्या अलीकडे तो मऊ आणि पसरट दिसतो. पलीकडे त्यात चकाकणारे बारीक दाणे दिसू लागतात. एकाच लयीतील प्रकाश खडबडीत पृष्ठभागावरून परतताना परस्परांत मिसळतो, त्यातून हे दाणे निर्माण होतात, आणि एलईडीच्या प्रकाशात ते असे दिसत नाहीत.

हे वळण जागचे हलते, आणि घोटाळे तिथूनच सुरू होतात. तापमान वाढले की इलेक्ट्रॉन जास्त पातळ्यांवर पसरतात, काही निसटून वाया जातात, आणि तेवढीच वाढ मिळवायला जास्त प्रवाह लागतो. ही वाढ साधारणपणे I = I₀·exp(T/T₀) या सूत्राने मांडतात. यात I म्हणजे थ्रेशोल्ड, T म्हणजे तापमान, आणि I₀ व T₀ हे त्या डायोडचे स्थिरांक. आपल्या डायोडसाठी T₀ १०० केल्विन धरले, तर २५ अंश सेल्सिअसवर २० मिलिअँपिअर असलेला थ्रेशोल्ड ५० अंशांवर २५.७ होतो. प्रवाह २७ वरच ठेवला, तर ४.९ मिलिवॅटऐवजी जेमतेम ०.९ मिलिवॅट हाती येतात. उलट, शून्य अंशावर थ्रेशोल्ड १५.६ पर्यंत उतरतो आणि त्याच २७ मिलिअँपिअरवर सुमारे ८ मिलिवॅट निघू लागतात, म्हणजे ५ मिलिवॅटच्या मर्यादेच्या कितीतरी वर. यासाठी डायोडच्या डबीतच मागच्या टोकापाशी प्रकाश मोजणारा एक फोटोडायोड बसवलेला असतो. नियंत्रक मंडल प्रवाह स्थिर न ठेवता त्याच्या खुणेवरून प्रकाश स्थिर ठेवते. एलईडीला एवढी खबरदारी क्वचितच लागते.

१९६२ मध्ये रॉबर्ट हॉल यांनी जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत पहिला अर्धवाहक लेझर चालवला, तेव्हा साध्या गॅलिअम आर्सेनाइडच्या जोडातून थ्रेशोल्ड गाठायला एवढा प्रवाह लागत होता की तो द्रव नायट्रोजनच्या थंडीत आणि क्षणिक स्पंदांनीच चालवावा लागे. १९७० मध्ये सोव्हिएत संघात झोरेस अल्फेरॉव्ह यांच्या गटाने आणि अमेरिकेत बेल प्रयोगशाळेच्या इझुओ हायाशी व मॉर्टन पॅनिश यांनी वेगळ्या पदार्थाच्या दोन थरांत प्रकाश देणारा सक्रिय थर दाबून इलेक्ट्रॉन आणि प्रकाश दोन्ही एकाच अरुंद जागी कोंडले. त्यामुळे थ्रेशोल्ड इतका उतरला की नेहमीच्या तापमानाला अखंड चालणारा डायोड शक्य झाला.

जास्त प्रकाशाने टोकाचा आरसा वितळून बिघडला, तर डायोड मरत नाही. तो फक्त जमाखर्च जुळवण्याची क्षमता गमावतो. अशा डायोडला ३० मिलिअँपिअर दिले तरी तो उजळतो, पण मंद, पसरट, दाण्यांविना. आलेख घेतला तर त्यात वळण सापडत नाही.